मादीला नर सापडला नाही, म्हणून प्रजाती संपली? अली इफेक्टच्या एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा

संशोधन प्रस्तावांमध्ये एक वाक्य इतक्या वेळा दिसतं की आता ते कॉपी-पेस्ट होत असावं अशी मला शंका येते. वाक्य साधारण असं असतं: 'या प्रजातीची संख्या फार कमी उरली आहे, त्यामुळे जोडीदार मिळण्याची शक्यता घटते, म्हणजेच इथे अली इफेक्ट आहे आणि म्हणून ही प्रजाती नामशेष होण्याचा धोका वाढलेला आहे.' ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे आहेत आणि पहिला मोजला म्हणून पुढचे दोन आपोआप सिद्ध होत नाहीत. जोडीदार मिळण्याचं प्रमाण घटणं ही एक गोष्ट, त्यामुळे अख्ख्या गटाची वाढ घटणं ही दुसरी, आणि त्या घटीमुळे गट संपणं ही तिसरी.

हे तीन दावे वेगळे कसे काढायचे, ते एका पेपरच्या आधाराने बघू. डेरेक जॉन्सन, अँड्र्यू लीबहोल्ड, पॅट्रिक टोबिन आणि ओटार ब्यॉर्नस्टाड यांचा हा पेपर २००६ मध्ये 'नेचर'मध्ये आला. विषय अमेरिकेत पसरत चाललेला एक पतंग. पेपर चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. वाईट पेपरवर टीका करून फारसं शिकायला मिळत नाही. चांगल्या पेपरातले सांधे कुठे पक्के आहेत आणि कुठे विश्वासावर उभे आहेत, हे तपासण्यात खरी मजा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं की गर्दी वाढली की वाढीचा दर घटतो, कारण अन्न कमी पडतं, जागा कमी पडते. वॉर्डर क्लाइड अली या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९३०च्या आसपास उलट बाजू दाखवली: फार कमी असणंही नुकसानीचं असू शकतं. गंमत म्हणजे त्याच्या प्रसिद्ध प्रयोगाचा जोडीदाराशी काही संबंध नव्हता. चांदीचे सूक्ष्म कण मिसळलेल्या विषारी पाण्यात एकटा गोल्डफिश लवकर मरायचा आणि घोळक्यातले जास्त टिकायचे, कारण सगळ्यांच्या अंगातून सुटणारा चिकट स्राव मिळून ते विष खाली बसवायचा. जोडीदार न मिळणं हे अली इफेक्टचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणून नंतर पाठ्यपुस्तकांत स्थिरावलं.

१९९९ मध्ये स्टीफन्स, सदरलँड आणि फ्रेकल्टन यांनी 'ओइकोस'मध्ये एक छोटा लेख लिहून एक भेद स्पष्ट केला. प्रत्येक संशोधकाने तो टेबलासमोर चिकटवून ठेवावा असं मला वाटतं. संख्या कमी असताना एका जिवाच्या यशाचा एखादा घटक घटतो, जसं मीलन, पिल्लांची जगण्याची शक्यता किंवा शिकार, तो 'घटक पातळीवरचा' अली इफेक्ट. आणि या सगळ्याची गोळाबेरीज होऊन दरडोई वाढीचा दरच घटतो, तो 'लोकसंख्या पातळीवरचा' अली इफेक्ट. पहिला असून दुसरा नसणं पूर्ण शक्य आहे. कमी गर्दीमुळे मीलन घटलं, पण त्याच कमी गर्दीमुळे अळ्यांना भरपूर पानं मिळाली आणि जास्त अळ्या जगल्या, तर हिशेब बरोबरीत सुटतो.

आता पतंगाकडे. याला आज स्पंजी मॉथ म्हणतात. जुनं नाव एका समाजाचा अवमान करणारं होतं म्हणून अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांनी ते २०२२ मध्ये बदललं. अंड्यांचा पुंजका केसाळ आणि स्पंजासारखा दिसतो, म्हणून हे नवं नाव. एत्येन लेओपोल्द त्रुवेलो नावाच्या फ्रेंच माणसाने १८६०च्या दशकाच्या शेवटी हा पतंग युरोपातून बोस्टनजवळच्या मेडफर्डला आणला आणि त्याच्याकडून तो निसटला. १८८९ पर्यंत तिथे एवढा उद्रेक झाला की झाडंच्या झाडं बोडकी झाली.

मधली ही वीस वर्षं दाखवून काही जण म्हणतात, बघा, सुरुवातीला अली इफेक्टमुळे वाढ अडली होती. इथेच सावध व्हायला हवं. एक मादी दरवर्षी दुप्पट होत गेली तर वीस वर्षांनी दहा लाखांवर पोचते, आणि पहिली दहा-बारा वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. साध्या चक्रवाढीतही 'उशीर' दिसतोच. उशीर दिसला म्हणजे अली इफेक्ट, हा निष्कर्ष टिकत नाही.

तरीही हा पतंग या विषयासाठी फार सोयीचा आहे आणि कारण त्याच्या शरीरात आहे. युरोपीय वाणाच्या मादीला पंख असतात, पण ती उडू शकत नाही. कोषातून बाहेर पडते, झाडाच्या खोडावर बसते, फेरोमोन सोडते आणि वाट बघते. नर उडत येतो. मादीचं प्रौढ आयुष्य काही दिवसांचं. प्रौढ झाल्यावर ती काही खात नाही. मीलन झालं तर ती काहीशे अंड्यांचा एकच पुंजका घालते. झालं नाही तर तिच्या अंड्यांतून काही निघत नाही. म्हणजे 'मीलन झालं की नाही' या एका प्रश्नावर तिचं सगळं पुनरुत्पादन टांगलेलं आहे. पक्ष्यांसारखं 'या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी' असं नाही.

मीलनाचं प्रमाण मोजायची पद्धत साधी आणि हुशारीची आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मीलन न झालेल्या माद्या जंगलात खोडांवर ठेवायच्या, जवळच फेरोमोनच्या सापळ्यांत किती नर येतात ते मोजायचं, ठरावीक वेळाने माद्या परत आणायच्या आणि त्यांच्या शरीरातल्या शुक्राणूंच्या पिशवीत शुक्राणू आहेत का, किंवा त्यांच्या अंड्यांत गर्भ धरतो का, ते तपासायचं. पतंगाच्या पसरणीच्या कडेवर असे प्रयोग झाले आहेत आणि निकाल अपेक्षेप्रमाणे आहे: जिथे नर विरळ, तिथे कोऱ्या राहणाऱ्या माद्या जास्त. घटक पातळीवरचा परिणाम नक्की आहे, यावर माझा वाद नाही.

पण त्या आकड्याचा अर्थ काय? समजा एका दिवसात ३० टक्के माद्यांचं मीलन झालं. मादी तीन दिवस बोलावत राहिली आणि रोजची शक्यता तीच राहिली, तर तिन्ही दिवस कोरी राहण्याची शक्यता ०.७ चा घन, म्हणजे सुमारे ०.३४. म्हणजे आयुष्यभराचं मीलन ३० नव्हे, ६६ टक्के. दुसऱ्या बाजूने, उशिरा मीलन झालेल्या मादीची प्रजननक्षमता घटते आणि खोडावर उघड्यावर बसलेली मादी भक्ष्यही होते. तेव्हा खरा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी. आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण ठेवलेली मादी आपण निवडलेल्या झाडावर असते. निसर्गातली मादी बहुतेकदा अशा जागी निघते जिथे तिच्याच पुंजक्यातले भाऊ आणि शेजारी वाढलेले असतात. अख्ख्या जंगलाची सरासरी घनता कमी असली तरी तिच्या आजूबाजूची घनता बरी असू शकते. प्रयोगातली मादी त्यामुळे खऱ्या मादीपेक्षा जास्त एकाकी ठरण्याची शक्यता आहे.

आता दुसरा दावा: मीलन घटलं म्हणून वाढ घटली. इथे शब्दांपेक्षा हिशेब बरा. खालचे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, मोजलेले नाहीत. एका ठिकाणी `N` माद्या आणि तेवढेच नर आहेत. मीलनाची शक्यता `N/(N + theta)` धरू. `theta` म्हणजे ज्या संख्येला निम्म्या माद्यांचं मीलन होतं ती संख्या. ती ३० घेऊ. आणि मीलन झालेल्या एका मादीमागे पुढच्या वर्षापर्यंत जगून प्रौढ होणाऱ्या मुली `R`. अंडी काहीशे असली तरी अळ्या, कोष, पक्षी, उंदीर, रोग यांतून तरणाऱ्या मोजक्याच, म्हणून `R` लहान असतो.

```
N_next = R * N * N / (N + theta)
```

`R` ४ घेतला आणि १२ माद्यांपासून सुरुवात केली, तर पुढच्या वर्षी १३.७, मग १७.२, मग २५. गाडी हळू निघते आणि वेग घेते. ८ माद्यांपासून सुरुवात केली तर ६.७, ४.९, २.८ आणि चौथ्या वर्षी एकही धड नाही. दोन्हींमध्ये नियम एकच, फक्त सुरुवात वेगळी. मधे कुठेतरी उंबरठा आहे आणि तो काढायला अवघड नाही: `N_next` आणि `N` बरोबर ठेवले की उंबरठा येतो `theta/(R - 1)`. इथे ३० भागिले ३, म्हणजे १०.

आता मीलनाचा आलेख तोच ठेवा, `theta` तीच ३०, आणि फक्त `R` बदला. `R` २ असेल तर उंबरठा ३०. मघाशी वाढणाऱ्या १२ माद्या आता पुढच्या वर्षी जेमतेम ७ होतात. `R` २० असेल तर उंबरठा दीडच्या आसपास. म्हणजे दोन माद्या असल्या तरी गाडी निघते आणि अली इफेक्ट प्रत्यक्षात असून नसल्यासारखा. मीलनाचा एकच आलेख, तोच प्रयोग, तेच निकाल, आणि उंबरठा दीडपासून तीसपर्यंत कुठेही. मीलनाच्या प्रयोगातून वाढीबद्दल थेट बोलणारा प्रस्ताव वाचला की मी पहिल्यांदा `R` शोधते. बहुतेक वेळा तो नसतोच.

यातून आणखी एक गोष्ट निघते. `R` दरवर्षी सारखा नसतो. चांगल्या वर्षी ४, वाईट वर्षी २ असेल तर उंबरठा दहा आणि तीस यांच्यामध्ये हलत राहतो. त्यामुळे 'या प्रजातीचा अली उंबरठा इतका' असं एकच संख्येचं वाक्य मला खटकतं. टोबिन आणि सहकाऱ्यांनीच २००७ मध्ये 'इकॉलॉजी लेटर्स'मध्ये दाखवलं की याच पतंगात अली इफेक्टची तीव्रता प्रदेशाप्रदेशात वेगळी आहे आणि जिथे तो तीव्र, तिथे पसरण्याचा वेग कमी.

आता 'नेचर'च्या पेपरकडे. त्याचं निरीक्षण असं की पतंगाची सीमा सलग सरकत नाही, झटक्यांनी सरकते: काही वर्षं थांबते, मग एकदम उडी मारते, पुन्हा थांबते. लेखकांचं स्पष्टीकरण दोन गोष्टींच्या मेळावर आहे. एक, तीव्र अली इफेक्ट, म्हणजे उंबरठ्याखाली वाढ ऋण. दोन, बहुतेक पतंग जवळपासच पसरतात, पण काही थोडे गाड्यांवर, सामानावर अंड्यांच्या रूपाने दूर जातात. सीमेलगतची संख्या उंबरठ्यापेक्षा वर जाईपर्यंत तिथून बाहेर गेलेले थोडे जीव फुकट जातात. संख्या फुगली की एकदम पुरेसे जीव बाहेर पडतात आणि पुढचा पट्टा उंबरठा ओलांडतो. मग तो पट्टा भरेपर्यंत पुन्हा थांबा. कल्पना सुंदर आहे. मॉडेलमधल्या संख्या दीर्घकाळच्या निरीक्षणांवरून काढल्या आहेत, हवेतून नाही. ही पेपरची खरी ताकद.

ती निरीक्षणं येतात फेरोमोनच्या सापळ्यांतून. अमेरिकेत या पतंगाच्या सीमेवर दरवर्षी हजारो सापळे जाळीसारखे लावले जातात. अशा विश्लेषणात जमिनीचे चौकोन पाडतात, प्रत्येकात यंदा सापळ्यामागे किती पतंग होते आणि पुढच्या वर्षी ते वाढले की घटले हे बघतात. कमी संख्येच्या चौकोनांपैकी निम्म्याहून जास्त घटले आणि एका संख्येनंतर निम्म्याहून जास्त वाढले, तर ती संख्या म्हणजे उंबरठा.

इथे माझा मुख्य आक्षेप आहे. सापळ्यात फक्त नर येतात. आणि मादी उडत नाही, हे आपण वर पाहिलं. समजा पन्नास किलोमीटरवर उद्रेक आहे आणि वाऱ्याबरोबर तीन नर भरकटत आपल्या चौकोनात आले. सापळा म्हणतो, इथे तीन पतंग. प्रत्यक्षात तिथे मादी एकही नाही, म्हणजे लोकसंख्या मुळी नाहीच. पुढच्या वर्षी वारा वेगळा, सापळा रिकामा. विश्लेषणात याची नोंद होते: 'संख्या तीन होती, घटून शून्य झाली.' असे चौकोन भरपूर असतील तर कमी संख्येला घट दिसणारच, आणि त्यात जोडीदार न मिळण्याचा काही हात नसेल. नव्हतीच ती लोकसंख्या 'संपली' असं आपण मोजतो आहोत.

दुसरा आक्षेप त्याच जातीचा. कमी संख्येचे चौकोन यादृच्छिकपणे विखुरलेले नसतात. ते सीमेच्या बाहेरच्या अंगाला असतात. तिथलं जंगल वेगळं असेल, ओकची झाडं कमी असतील किंवा हवामान कमी मानवत असेल, तर तिथला `R`च कमी. मग 'कमी संख्या म्हणून कमी वाढ' आणि 'वाईट जागा म्हणून कमी संख्या आणि कमी वाढ' हे दोन्ही ग्राफवर तंतोतंत सारखे दिसतात.

पण न्याय करायचा तर उलट दिशेच्या चुकाही सांगायला हव्यात. योगायोगाने यंदा कमी पतंग सापडले, तर पुढच्या वर्षी आकडा सरासरीकडे परततो आणि 'वाढ' दिसते. शेजारून येणारे नवे नरही आकडा वाढवतात. शून्याच्या चौकोनाला तर घटायची सोयच नाही, तो फक्त वाढू शकतो. या सगळ्या चुका अली इफेक्ट लपवतात. हे सगळं असूनही घट दिसली असेल, तर इफेक्ट दिसतो त्याहून तीव्र असण्याचीही शक्यता आहे. डेटातला गोंधळ कोणत्या दिशेने ढकलतो हे न सांगता 'डेटात गोंधळ आहे' एवढंच म्हणणं ही टीका नव्हे. सेमिनारमध्ये प्रश्न विचारायला उभे राहाल तेव्हा चुकीची दिशाही सांगा.

यातून सुटका कशी? एक म्हणजे संशयित ठिकाणी सापळे जास्त दाट लावून आणि अंड्यांचे पुंजके शोधून खरी वसाहत आहे का ते पाहणं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: मुख्य सीमेपासून फार दूरच्या वसाहती बघणं. वॉशिंग्टन राज्य देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे हा पतंग पूर्वेकडून आलेल्या लोकांच्या सामानाबरोबर अधूनमधून पोचतो. वाऱ्यावर भरकटत तिथवर नर येणं शक्य नाही. म्हणजे सापळ्यात नर आला तर आसपास कुठेतरी अंड्यांचा पुंजका आलेला असणार. लीबहोल्ड आणि बास्कोम्प्ट यांनी २००३ मध्ये तिथल्या अशा सुट्या वसाहतींच्या नोंदी वापरल्या. त्यांतल्या छोट्या वसाहती बऱ्याचदा काही न करताही नाहीशा होतात. माझ्या पहिल्या आक्षेपाला हे चांगलं उत्तर आहे.

मात्र इथेच तिसऱ्या दाव्याचा सापळा लागतो. छोट्या वसाहती संपतात, म्हणून अली इफेक्ट? थांबा. मीलनाची काहीच अडचण नाही असं धरा. प्रत्येक मादीमागे सरासरी १.१ मुली जगतात, संख्या कितीही असो. सरासरीने हा गट वाढणारा आहे. पण सरासरी म्हणजे नशीब नव्हे. कुणाला तीन मुली, कुणाला एकही नाही. मुलींची संख्या पॉयसाँ वितरणाने ठरते असं धरलं, तर एका मादीचा वंश कधीतरी खुंटण्याची शक्यता `q = exp(1.1*(q - 1))` या समीकरणातून निघते आणि ती येते ०.८२. पाच माद्या असतील तर पाचही वंश खुंटण्याची शक्यता ०.८२ चा पाचवा घात, सुमारे ३८ टक्के. दहा माद्या असतील तर १४ टक्के. अली इफेक्टचा थेंबही नाही आणि तरी छोटे गट जास्त संपतात. निव्वळ योगायोगाने.

दोन्हींमधला फरक ओळखायची खूण आहे. योगायोगाच्या खेळात कमी संख्येला निकालांचा *पसारा* वाढतो, पण सरासरी दरडोई वाढ जिथल्या तिथे राहते: काही गट संपतात, पण काही अपेक्षेपेक्षा जोरात वाढतात. अली इफेक्टमध्ये सरासरीच खाली येते. म्हणून नुसती 'किती गट संपले' ही टक्केवारी पुरत नाही, जे टिकले ते कसे वाढले तेही लागतं, आणि संपलेल्यांचा शून्यही सरासरीत धरावा लागतो. तो वगळला तर छोटे गट भलतेच जोमदार दिसतात. (मध्यावर एक गंमतीची जागा आहे: पाच पिल्लं जन्मली आणि पाचही एकाच लिंगाची निघण्याची शक्यता १६ मध्ये १. हा योगायोग, पण तो सरासरी मीलनही घटवतो. तेव्हा त्याला कोणत्या खात्यात टाकायचं यावर लोक अजून भांडू शकतात.)

या सगळ्या शंका एकत्र केल्या तर अली इफेक्ट निसर्गात फारसा नसतोच असं वाटेल. २०१० मध्ये ग्रेगरी, ब्रॅडशॉ, ब्रूक आणि कुर्शाँ यांनी ११९८ नैसर्गिक लोकसंख्यांच्या दीर्घ नोंदींवर वेगवेगळी मॉडेलं बसवून पाहिली. अली इफेक्टचं मॉडेल सगळ्यात चांगलं ठरल्याची उदाहरणं सुमारे एक टक्का. हा आकडा सेमिनारमध्ये फेकायला फार लोक उत्सुक असतात. पण कोणत्या लोकसंख्यांच्या दीर्घ नोंदी असतात? ज्या टिकल्या त्यांच्या. उंबरठ्याखाली गेलेल्या गटाची तीस वर्षांची नोंद मिळत नाही, कारण तो तीस वर्षं राहतच नाही. शिवाय बहुतेक नोंदींमध्ये संख्या कधी तेवढी खाली गेलेलीच नसते. जिथे दिवा नाही तिथे किल्ली सापडली नाही, यावरून किल्ली तिथे नाही असं म्हणता येत नाही. तेव्हा 'एक टक्का'चा अर्थ 'अशा नोंदींतून हे दिसत नाही' एवढाच.

'नेचर'च्या पेपरातलं एक छोटं क्रियापद मला आवडतं. लेखक म्हणतात की अली इफेक्ट आणि दूरवरचा प्रसार यांचा मेळ झटक्यांचं स्पष्टीकरण देऊ *शकतो*. 'देतो' असं ते म्हणत नाहीत. मॉडेल झटके निर्माण करू शकतं म्हणजे निसर्गात तेच घडतं असं नाही. जुन्या, भरलेल्या भागात उद्रेक स्वतःच काही वर्षांच्या अंतराने येतात, आणि तिथून सुटणाऱ्या पतंगांची लाट वरखाली झाली तरी सीमा झटक्यांनी हलेल. पेपर उद्धृत करणारे पुढचे लोक मात्र हे 'शकतो' गाळून टाकतात. साखळीतल्या प्रत्येक उद्धरणागणिक दावा थोडा पक्का होत जातो. मूळ पेपर उघडून क्रियापद बघायची सवय लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग या पतंगात अली इफेक्टमुळे वाढ अडते यावर माझा विश्वास का बसतो? ग्राफमुळे नाही, हस्तक्षेपामुळे. 'स्लो द स्प्रेड' या अमेरिकी कार्यक्रमात सीमेबाहेरच्या छोट्या वसाहतींवर विमानातून कृत्रिम फेरोमोन टाकतात. विष नाही, एकही पतंग मरत नाही. सगळीकडे मादीचा वास पसरतो आणि नराला खरी मादी सापडत नाही. आपल्या हिशेबात याचा अर्थ `theta` वाढवणं. ती ३० ची ६० झाली आणि `R` ४च राहिला, तर उंबरठा १० वरून २० वर जातो. मघाशी वाढणाऱ्या त्याच १२ माद्या पुढच्या वर्षी ८ होतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी ४ सुद्धा नाहीत. इथे मीलन आणि फक्त मीलन बदललं. जंगल तेच, हवामान तेच. माझे दोन्ही आक्षेप इथे गळून पडतात.

दुसरा उपाय बॅक्टेरियाजन्य कीटकनाशकाचा, अळ्या मारणारा. त्यातही हिशेब तोच: १२ मधल्या सगळ्या मारायची गरज नाही, चार मेल्या तर उरलेल्या ८ उंबरठ्याखाली गेल्या आणि पुढचं काम मीलनाचा तुटवडा करतो. १९६६ ते १९९० या काळात ही सीमा वर्षाला सुमारे २१ किलोमीटर सरकत होती. या कार्यक्रमानंतर वेग निम्म्याहून कमी झाला. फेरोमोनचा उपाय मात्र विरळ वसाहतींतच चालतो. दाट गर्दीत नर वासाशिवायही मादीवर आदळतो, तिथे तो निकामी. ही मर्यादाही अपेक्षेला धरूनच आहे.

आपल्याकडे हा विषय निघाला की माळढोकचं नाव येतंच. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर हे पक्षी आता दिसणं मुश्कील झालं आहे. त्यांना जोडीदार मिळत नसेल का? मिळत नसेलही. पण मादी सहसा एका वेळी एकच अंडं घालते आणि मोठे पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतात. आपल्या सूत्रात `R` एकच्या आसपास किंवा खाली आला की `theta` कितीही असो, उंबरठा आकाशाला भिडतो, आणि `R` एकाखाली गेला तर उंबरठा नावाची गोष्टच राहत नाही, प्रत्येक मादीला नर मिळाला तरी संख्या घटतच जाते. माळढोकवर प्रस्ताव लिहिणार असाल तर आधी तारांखाली वर्षाला किती पक्षी मरतात ते मोजायचं ठेवा, मीलन त्यानंतर.